दोन मिनिटांची गोष्ट: फायनान्स इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठी प्रसंग कसे बांधायचे

फायनान्स इंटर्नशिपच्या मुलाखतीला येताना ताळेबंद, मूल्यांकन, व्याजदर यांची तयारी बहुतेक जण करून येतात. अडखळतात ते दुसरीकडेच. "वरिष्ठांशी मतभेद झाला आणि तरी काम पूर्ण करावं लागलं, असा एखादा प्रसंग सांगा," असं विचारलं की क्षणभर शांतता पसरते आणि मग उत्तर येतं, "मी नेहमी सगळ्यांचं ऐकून घेतो, मग मधला मार्ग काढतो." विचारला होता प्रसंग, सांगितला गेला स्वभाव. मुलाखत घेणाऱ्यासमोर अनेकदा एक गुणपत्रक असतं. त्यात 'अचूकता', 'टीममधलं काम', 'सचोटी' असे रकाने असतात आणि प्रत्येक गुणापुढे पुरावा लिहायचा असतो. "सगळ्यांचं ऐकून घेतो" हे त्या रकान्यात लिहिता येत नाही. "फरक सापडेपर्यंत अहवालावर सही केली नाही" हे लिहिता येतं.

या पद्धतीमागचा विचार जुना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये एक पद्धत सविस्तर मांडली. तिची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासात होती. एखाद्या कामात काय लागतं हे समजायचं असेल, तर लोकांची मतं गोळा करत बसू नका, प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करा, असा तिचा गाभा होता. आजचा मुलाखत घेणारा तुमच्याकडे तेच मागतो.

या लेखात मी सगळ्या प्रकारच्या प्रश्नांची यादी देणार नाही. एकच गोष्ट कच्च्या आठवणीपासून बोलण्याजोग्या उत्तरापर्यंत कशी न्यायची, ते तपशिलात दाखवतो. एक नीट बांधता आली की बाकीच्या चार-पाच बांधायला फार वेळ लागत नाही.

आधी कच्चा माल

एक कोरा कागद घ्या आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या हातून जे काही काम झालं ते आठवा. अभ्यासातले गटप्रकल्प, विद्यार्थी मंडळाचा हिशेब, अर्धवेळ नोकरी, एखादी स्पर्धा, घरच्या व्यवसायात केलेली मदत, काहीही चालेल. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहा: इथे काय बिघडलं, किंवा बिघडता बिघडता राहिलं? सुरळीत पार पडलेल्या कामातून गोष्ट निघत नाही. "आम्ही प्रकल्प वेळेत दिला आणि चांगले गुण मिळाले" यात तुम्ही काय ठरवलं हे दिसतच नाही, कारण ठरवण्याची वेळच आली नाही.

इथे नवख्या मुलांची एक ठरलेली शंका असते: "माझ्याकडे फायनान्सचा अनुभवच नाही." इंटर्नकडून तो असावा अशी अपेक्षाही नसते. मात्र आकडे, मुदत, दुसऱ्याचे पैसे किंवा दुसऱ्याचा विश्वास, यांपैकी काहीतरी प्रसंगात असलं तर तो या क्षेत्रातल्या माणसाला लगेच जवळचा वाटतो. मुलाखत घेणारा मनातल्या मनात अंदाज बांधत असतो: रात्री उशिरा हा मुलगा किंवा ही मुलगी मला एक्सेलची फाइल पाठवेल, तेव्हा मी ती पुन्हा न तपासता पुढे पाठवू शकेन का? आणि त्यात चूक निघाली तर ती मला यांच्याकडून कळेल की ग्राहकाकडून?

कच्च्या यादीतून पाच-सहा प्रसंग निवडा. माझ्या अनुभवात एवढे पुरतात. एक आकड्यांतली चूक शोधल्याचा, एक स्वतःच्या चुकीचा, एक मतभेदाचा, एक मुदतीच्या ताणाचा, एक अनोळखी विषय झटपट शिकल्याचा, आणि जमल्यास टीममधल्या काम न करणाऱ्या माणसासोबत निभावून नेल्याचा. वीस प्रसंग पाठ करणाऱ्यांची अडचण अशी होते की प्रश्न आला की कोणता सांगायचा हे ठरवण्यातच वेळ जातो.

चार भाग, पण सारखे नाहीत

रचना सगळीकडे शिकवली जाते तीच: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'स्टार' म्हणतात. हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल. चुकतं ते भागांच्या लांबीत. मुलं परिस्थिती रंगवून सांगतात, कारण ती सांगायला सोपी असते: कोणती संस्था, किती सभासद, कार्यक्रम किती मोठा, आधीच्या वर्षी काय झालं होतं. सव्वा मिनिट त्यातच जातं. मग कृती दोन वाक्यांत आटोपते आणि परिणाम राहूनच जातो.

दोन मिनिटांचं उत्तर धरलं तर परिस्थिती आणि जबाबदारी मिळून अर्धं मिनिट, कृतीला एक मिनिट किंवा थोडं जास्त, आणि उरलेलं परिणामाला, अशी वाटणी ठेवा. सहज बोलताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द जातात, म्हणजे संपूर्ण गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत बसली पाहिजे. लिहून मोजलंत तर लक्षात येईल की हे फारच कमी आहेत. म्हणून काय गाळायचं, हेच खरं काम.

एक प्रसंग, पहिला मसुदा

समजा एक विद्यार्थिनी कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची खजिनदार आहे. तिने कागदावर उतरवलेली पहिली आवृत्ती अशी:

"आमच्या मंडळाचा वार्षिक कार्यक्रम खूप मोठा असतो. यावर्षी आमच्या टीमने खूप मेहनत घेतली. मी खजिनदार होते. शेवटी हिशेब जुळत नव्हता. सगळे घाबरले होते कारण दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. मग आम्ही सगळ्यांनी मिळून सगळ्या नोंदी तपासल्या आणि चूक शोधून काढली. अहवाल वेळेत दिला. यातून मला टीमवर्क आणि अचूकतेचं महत्त्व कळलं."

यात खोटं काही नाही, पण गुणपत्रकात लिहिण्यासारखंही काही नाही. फरक किती होता? कोणी शोधला? कसा? 'आम्ही' या शब्दामागे ती स्वतः कुठे आहे, हेच कळत नाही. शेवटचं वाक्य तर सरळ काढून टाकावं. महत्त्व कळलं की नाही हे ऐकणाऱ्याला गोष्टीतून समजायला हवं.

आता तिला प्रश्न विचारत गेलं तर तपशील बाहेर येतात. वहीतली शिल्लक बँकेतल्या शिलकीपेक्षा ५,४०० ने जास्त होती. मंडळाच्या अध्यक्षांनी सुचवलं होतं की ही रक्कम किरकोळ खर्चात टाकावी आणि विषय संपवावा. तिने ते केलं नाही. एकूण १४० नोंदी होत्या, पण तिने त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासल्याच नाहीत. तिने आधी फरकाच्या आकड्याकडेच बघितलं. ५,४०० ला नऊने भाग जातो, आणि दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, हे तिला लेखाकर्माच्या वर्गातून ठाऊक होतं. हजार आणि शतक या स्थानांची अदलाबदल झाली असेल तर फरक ९०० च्या पटीत येतो. ५,४०० म्हणजे ९०० ची सहापट. तेव्हा ज्या नोंदींत या दोन अंकांमध्ये सहाचा फरक आहे, त्या आधी बघायच्या. ८,२०० चं एक बिल वहीत २,८०० असं उतरवलेलं सापडलं.

आणि गंमत पुढे आहे, जी तिने पहिल्या मसुद्यात लिहिलीच नव्हती. दुरुस्ती केल्यावर कार्यक्रमाचा खर्च ५७,६०० वरून ६३,००० वर गेला, आणि मंजूर मर्यादा होती ६०,००० ची. म्हणजे फरक मंडळाच्या इतर किरकोळ खर्चात टाकला असता तर कार्यक्रम मर्यादेत बसला असं कागदावर दिसलं असतं. हा तपशील गोष्टीचं वजन दुप्पट करतो. अप्रिय म्हणून तो वगळायचा मोह होतो. वगळू नका.

दुसरा मसुदा, बोलण्यासाठी

"मी विद्यार्थी मंडळाची खजिनदार होते. वार्षिक कार्यक्रमाचा हिशेब प्राध्यापकांना द्यायच्या आदल्या दिवशी वहीतली शिल्लक बँकेपेक्षा ५,४०० ने जास्त निघाली. अध्यक्षांचं म्हणणं होतं, किरकोळ खर्चात टाकू आणि अहवाल बंद करू. अहवालावर सही माझी होती. कारण माहीत नसताना मला सही करायची नव्हती, आणि मुदतही पाळायची होती.

मी रात्री नऊपर्यंत वेळ मागितला. तोवर सापडलं नाही तर रक्कम 'न जुळलेली' म्हणून वेगळी दाखवायची, असं अध्यक्षांशी ठरवलं. नोंदी १४० होत्या. सगळ्या पुन्हा तपासण्याआधी मी फरकाकडे बघितलं. त्याला नऊने भाग जात होता, म्हणून अंकांची अदलाबदल झाली असावी असं वाटलं. ज्या रकमांत हजार आणि शतकाच्या अंकांमध्ये सहाचा फरक आहे अशा नोंदी मी वेगळ्या काढल्या. त्या अकरा निघाल्या. बिलांशी ताडल्यावर ८,२०० चं ध्वनियंत्रणेचं बिल २,८०० लिहिलेलं सापडलं. मूळ नोंद मी खोडली नाही. दुरुस्तीची वेगळी नोंद केली आणि बिलाची प्रत जोडली. त्यामुळे कार्यक्रम ६०,००० च्या मर्यादेबाहेर, ६३,००० वर गेला. हे मी आधी अध्यक्षांना सांगितलं, मग अहवालात स्पष्ट लिहिलं.

अहवाल वेळेत गेला. जादा ३,००० बद्दल आम्हाला प्राध्यापकांना उत्तर द्यावं लागलं. त्यानंतर नोंद करणारा आणि बिलाशी ताडणारा माणूस वेगळा ठेवायला मी सुरुवात केली, आणि माझ्या उरलेल्या कार्यकाळात बँकेशी ताळमेळ दर महिन्याला जुळला."

मोठ्याने वाचून वेळ लावा. दोन मिनिटांच्या आत बसतं. काय काय गेलं ते बघा: कार्यक्रमाचं वर्णन, टीमची मेहनत, घाबरलेली मंडळी. काय आलं ते बघा: दोन ठिकाणी घेतलेला निर्णय आणि त्यामागचं कारण. 'मी' हा शब्द इथे गर्वाने येत नाही. कोणी काय केलं हे सांगायला येतो, आणि 'ठरवलं' म्हणताना अध्यक्षांचा वाटाही जागेवर राहतो.

रात्री नऊची मुदत आणि 'सापडलं नाही तर काय' हे वाक्य मला या मसुद्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. नुसतं अडून बसणारा माणूस कामाच्या ठिकाणी नकोसा होतो. अडून बसतानाच दुसरी वाट तयार ठेवणारा हवा असतो. तुमच्या गोष्टीत असं एखादं वाक्य असेल तर ते काहीही झालं तरी कापू नका.

परिणामाबद्दल एक सूचना. परिणाम आकड्यात सांगा असं सगळे सांगतात, आणि मग मुलं आकडे रचतात: "कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढली." कशावरून? मोजली कशी? आधी किती होती? फायनान्समधला माणूस आकडा ऐकला की भाजक विचारतो. मोजलेला आकडा नसेल तर घडलेली घटना सांगा: अहवाल गेला, पद्धत बदलली, पुढच्या महिन्यांत फरक निघाला नाही. परिणाम सगळा गोड असण्याचीही गरज नाही. वर जादा खर्चाचा जाब द्यावा लागला, ते सांगितल्यामुळेच बाकीचं खरं वाटतं.

गोष्टीखालचा मजला

पाठ केलेलं उत्तर आणि जगलेला प्रसंग यांतला फरक मुलाखत घेणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही. तो कळतो पुढच्या उपप्रश्नांत. म्हणून प्रत्येक गोष्टीखाली एक मजला बांधून ठेवा: कागदाच्या मागच्या बाजूला पाच-सहा उपप्रश्न आणि त्यांची तुमच्या आठवणीतली खरी उत्तरं.

वरच्या गोष्टीवर जाणकार माणूस काय विचारेल? पहिला प्रश्न बहुधा हा: "बँकेचा फरक निघाल्यावर तू थेट अंकांच्या अदलाबदलीवर कशी गेलीस? आधी वेळेतले फरक बघितले नाहीस?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपण भरलेली पण बँकेत अजून जमा न झालेली रक्कम असेल, किंवा बँकेने परस्पर कापलेलं शुल्क वहीत चढवायचं राहिलं असेल, तरी वहीतली शिल्लक जास्तच दिसते. तिने ते आधी बघितलं होतं का? बघितलं असेल तर तसं एका वाक्यात सांगावं. नसेल बघितलं, तर "तेव्हा नाही बघितलं, आज मी तिथून सुरुवात करेन" हे उत्तर चालतं. मारून मुटकून "हो, बघितलं होतं" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "मग तिथे काय निघालं?" आणि तिथे गाडी अडते.

दुसरा प्रश्न: "नऊने भाग गेला म्हणजे अदलाबदलच असं सिद्ध होतं का?" होत नाही. शून्य कमी पडलं तरी असंच होतं. ६,००० ऐवजी ६०० लिहिले तरी फरक ५,४०० च येतो. शिवाय निव्वळ योगायोगानेही एखाद्या फरकाला नऊने भाग जाऊ शकतो. ती युक्ती फक्त आधी कुठे शोधायचं ते सांगते. गोष्टीत तुम्ही एखादी तांत्रिक युक्ती सांगणार असाल तर तिची मर्यादा तुम्हाला ठाऊक असलीच पाहिजे. नाहीतर युक्ती न सांगितलेली बरी.

तिसरा प्रश्न माणसांबद्दलचा: "अध्यक्षांना राग नाही आला?" इथे अध्यक्षांना खलनायक केलंत तर गुण तुमचेच जातात. त्यांच्यावर मुदतीचा ताण होता, फरक कशाचा आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगता आलं पाहिजे. उद्या तुम्ही याच मुलाखत घेणाऱ्याबद्दल बाहेर कसं बोलाल, त्याचा नमुना तो इथे ऐकत असतो.

तीच गोष्ट, वेगळं दार

खजिनदाराची ही एकच गोष्ट तीन प्रश्नांना चालते: अचूकता, वरिष्ठांशी मतभेद आणि सचोटी. पण तिन्ही वेळा जशीच्या तशी सांगितली तर ती कुठेच नीट बसणार नाही. बदलायचं ते पहिलं वाक्य आणि कृतीतला भर.

अचूकतेचा प्रश्न आला तर वरचा मसुदा जवळपास तसाच चालतो. मतभेदाचा आला तर सुरुवात अशी करा: "मंडळाच्या अध्यक्षांना एक फरक किरकोळ खर्चात टाकून अहवाल बंद करायचा होता, आणि मला ते पटत नव्हतं." मग नऊने भागण्याची सगळी कथा एका वाक्यात आवरा आणि अध्यक्षांशी झालेलं बोलणं सविस्तर सांगा: त्यांची अडचण काय होती, तिने वेळ कसा मागितला, दोघांचं काय ठरलं. सचोटीचा प्रश्न आला तर गोष्ट सुरू होते चूक सापडल्यानंतर: दुरुस्त केलं तर मर्यादा ओलांडल्याचं उघड होणार, नाही केलं तर कोणाला कळणार नाही. तिथे शोधाची कथा अर्ध्या वाक्याची.

एकाच मुलाखतीत एक गोष्ट दोनदा सांगू नका. मात्र एकामागून एक वेगवेगळ्या लोकांकडे मुलाखती असतील तर दुसऱ्याला तीच गोष्ट सांगायला हरकत नाही. फक्त ते नंतर एकमेकांशी बोलतात हे लक्षात ठेवा. एका माणसाकडे १४० नोंदी आणि दुसऱ्याकडे ४०० असं होऊ देऊ नका.

स्वतःच्या चुकीचा प्रसंग

या एका प्रश्नाला वेगळी गोष्ट लागते, आणि सगळ्यात फसवी उत्तरं इथेच येतात. "मी फारच परिपूर्णतेच्या मागे लागतो" हे उत्तर ऐकून ऐकून लोकांचे कान किटले आहेत. चूक खरी हवी, तिचा काहीतरी परिणाम झालेला हवा, आणि ती तुमचीच हवी. "टीममधल्या एकाने काम केलं नाही" ही तुमची चूक नव्हे.

एक चांगलं उदाहरण: एका विद्यार्थ्याने मूल्यांकनाच्या स्पर्धेसाठी पाच कंपन्यांची तुलना मांडली. त्यांतल्या दोघींचं आर्थिक वर्ष बाकीच्यांपेक्षा वेगळ्या महिन्यात संपत होतं. त्याने सगळ्यांचे शेवटच्या वार्षिक अहवालातले आकडे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे वेगवेगळ्या बारा महिन्यांची तुलना केली. हे परीक्षकांनी दाखवून दिलं आणि संघ पुढच्या फेरीत गेला नाही. ऐकणाऱ्याला इथे तीन गोष्टी हव्या असतात. चूक कळल्यावर तू काय केलंस: त्याने त्याच संध्याकाळी तिमाही आकड्यांवरून सगळ्यांचे एकाच कालावधीचे आकडे काढले आणि निष्कर्ष किती बदलतो ते संघातल्या सगळ्यांना पाठवलं. तू कोणाला सांगितलंस: तुलनेचा तक्ता आपणच मांडला होता, हे त्याने संघाला स्वतःहून सांगितलं. आणि तिसरं, आता काय वेगळं करतोस: कोणताही तक्ता भरण्याआधी तो प्रत्येक कंपनीच्या नावापुढे वर्षअखेरीचा महिना आणि आकडे हजारात की दशलक्षात, हे दोन रकाने आधी भरतो.

"आता मी जास्त काळजी घेतो" आणि हे दोन रकाने, यांतला फरक बघा. काळजी दिसत नाही, रकाना दिसतो.

चूक फार मोठीही निवडू नका. मुद्दाम लपवलेली चूक, दुसऱ्याच्या पैशांत केलेली हयगय किंवा नक्कल, यांतून कितीही शिकलेले असाल तरी हा प्रश्न त्यासाठी नाही.

सराव कसा करायचा

संपूर्ण मसुदा पाठ करू नका. लिहून, मोजून, कापून झाला की तो बाजूला ठेवा आणि एका छोट्या कार्डावर फक्त सहा-सात शब्द लिहा: "५,४०० जास्त – सही माझी – रात्री नऊ – नऊने भाग – ८,२००/२,८०० – ६३,००० – दोन माणसं." या खुणांवरून गोष्ट दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत सांगा. आकडे तेच राहिले पाहिजेत, वाक्यं बदलली तरी चालतील. ज्या भाषेत मुलाखत होणार आहे त्याच भाषेत बोला. मनात एका भाषेत आणि तोंडाने दुसऱ्या भाषेत असं झालं की दोन मिनिटांची गोष्ट तीनवर जाते.

फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना एवढंच शोधा: कृतीचं पहिलं क्रियापद कितव्या सेकंदाला आलं? वरच्या गोष्टीत ते "वेळ मागितला" हे आहे. पंचेचाळिसाव्या सेकंदापर्यंत ते आलं नसेल तर सुरुवात अजून कापायची आहे. मग एखाद्या मित्राला ऐकवा, शक्यतो फायनान्स न शिकलेल्या, आणि संपल्यावर त्याला विचारा: "मी नेमकं काय केलं ते सांग." त्याला सांगता आलं नाही तर गोष्ट अजून धूसर आहे.

बऱ्याच संस्था पहिली फेरी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर घेतात. पडद्यावर प्रश्न दिसतो, विचार करायला थोडे सेकंद मिळतात आणि ठरलेल्या वेळेला रेकॉर्डिंग आपोआप बंद होतं. इथे मान डोलावणारा कोणी नसतो, त्यामुळे माणूस लांबवत जातो आणि परिणाम सांगायच्या आत वेळ संपते. अशा फेरीसाठी प्रत्येक गोष्टीची दीड मिनिटाची आवृत्ती वेगळी करून ठेवा, आणि विचार करायला मिळालेल्या सेकंदांत कार्डावरचा शेवटचा शब्द आधी आठवा. कुठे पोचायचंय ते ठाऊक असलं की मधलं आपोआप आखूड होतं.

आधी कुठे इंटर्नशिप किंवा नोकरी केली असेल तर आणखी एक पथ्य पाळा. तिथल्या ग्राहकाचं नाव, व्यवहाराची रक्कम, अजून जाहीर न झालेली कुठलीही गोष्ट तुमच्या प्रसंगात येता कामा नये. "एक मध्यम आकाराची उत्पादन कंपनी" एवढं पुरतं. कोणी जास्त खोदून विचारलं तर "ते मला सांगता येणार नाही" असं सरळ म्हणा. काही जण मुद्दाम खोदून बघतात.

आणि ज्याची तयारीच नाही असा प्रश्न आला तर? थोडा वेळ मागा, दहा-पंधरा सेकंद शांत बसा, आणि आपल्या पाच-सहांपैकी कोणत्या गोष्टीला या बाजूने दार आहे ते बघा. खरंच एकही बसत नसेल तर तसं सांगा आणि सगळ्यात जवळचा प्रसंग कोणता, तो का जवळचा वाटतो, ते सांगून तो सुरू करा. जागच्या जागी रचलेल्या गोष्टीला खालचा मजला नसतो, आणि समोरचा दुसऱ्याच उपप्रश्नाला तिथे उतरतो.